‘कळवतो’ म्हणालेत, पुढे काय? दुसऱ्यांकडे अडलेल्या निर्णयांची यादी

एकदा मी तीन आठवडे एका उत्तराची वाट पाहत होते. प्रशिक्षणाच्या तारखा ठरायच्या होत्या, त्या वरिष्ठांनी ठरवायच्या होत्या आणि मी तसं विचारलंही होतं. शेवटी जिन्यात गाठ पडली तेव्हा त्यांनीच मला विचारलं, ‘‘अहो, तुम्ही किती जण येणार त्याचा आकडा पाठवणार होतात ना? त्यासाठी थांबलोय.’’ म्हणजे मी त्यांच्यासाठी थांबले होते, ते माझ्यासाठी, आणि दोघांनाही आपलं काम झाल्यासारखं वाटत होतं. माझ्या वहीत त्या दिवसापर्यंत एवढंच लिहिलेलं होतं: ‘तारखा – साहेब’.

वहीत नोंद होती, पण तिच्यावरून कोणी, काय, कधीपर्यंत ठरवायचं आहे हे कळत नव्हतं. म्हणून हा लेख यादी ठेवण्यापेक्षा यादीतली एकेक ओळ कशी लिहायची आणि ती हलती कशी ठेवायची, याबद्दल जास्त आहे.

या यादीत काय येतं आणि काय येत नाही

दुसऱ्यांकडून आपल्याला दोन तऱ्हेच्या गोष्टी यायच्या असतात. एक म्हणजे वस्तू किंवा माहिती: मागवलेलं सामान, एखाद्या कागदाची प्रत, एखादा आकडा. दुसरी म्हणजे निर्णय: हो की नाही, हे की ते, आत्ता की नंतर. वस्तू वाटेत असते, आज ना उद्या येते. निर्णयाचं तसं नसतं. तो कोणाच्या तरी डोक्यात अर्धवट पडलेला असतो आणि बरेचदा त्या माणसाला तो आपल्याकडे पडला आहे याची कल्पनाही नसते. म्हणून निर्णयांची यादी वेगळी ठेवावी. दोन्ही एकत्र ठेवल्या की ‘खुर्च्या यायच्यात’ आणि ‘खर्चाला मंजुरी हवी’ या ओळी सारख्याच दिसू लागतात, आणि आपण दोन्हींची सारख्याच निवांतपणे वाट पाहतो.

नवख्यांची पहिली चूक इथेच होते. जे अजून विचारलेलंच नाही तेही ते या यादीत लिहितात. ‘सुट्टीतल्या कामाबद्दल विचारायचंय’ हे दुसऱ्या कोणाकडे अडलेलं नाही, ते तुमच्याकडेच पडलेलं काम आहे. त्याची जागा तुमच्या रोजच्या कामांच्या यादीत. प्रश्न समोरच्यापर्यंत पोहोचला, त्याला तो प्रश्न म्हणून कळला आणि आता पुढचं पाऊल त्याचं आहे, तेव्हाच ओळ या यादीत येते. मी ओळ लिहिताना स्वतःला एकच विचारते: आत्ता या क्षणी मी काहीही केलं नाही, तर समोरचा माणूस स्वतःहून काही करेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर ओळ माझ्या यादीत परत जाते.

ओळ कशी लिहायची

वही, फळा, साधा तक्ता, काहीही चालेल. साधनावर वेळ घालवू नका. मी स्वतः तक्ता वापरते, कारण त्यात तारखेनुसारही लावता येतं आणि माणसानुसारही. पण माझी एक सहकारी गेली कित्येक वर्षं वहीच्या शेवटच्या चार पानांवर हेच करते आणि तिचं माझ्यापेक्षा कमी अडतं.

प्रत्येक ओळीत सात गोष्टी लागतात. ऐकायला जास्त वाटतात, लिहायला दोन मिनिटं पुरतात. एक खरं उदाहरण घेते. आमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल छापून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली ही नोंद:

कोणाकडे: हिशेब विभागाच्या प्रमुख मॅडम
काय ठरायचंय: अहवालात हिशेब पूर्ण (२० पानं) घ्यायचे की संक्षिप्त (४ पानं)?
विचारलं: मंगळवार २ तारीख, मेलवर
पुन्हा विचारायचं: शुक्रवार ५ तारीख, फोनवर
शेवटची तारीख: बुधवार १० तारीख, संध्याकाळ
तोवर: बाकीची ६० पानं लावून घ्यायची, मुखपृष्ठ कणा सोडून पूर्ण करायचं
उत्तर नाही आलं तर: ११ तारखेला सकाळी संचालकांना भेटायचं

पहिल्या रकान्यात माणूस लिहायचा, विभाग नाही. ‘हिशेब विभाग’ कधी उत्तर देत नाही. उत्तर देतो तो त्या विभागात बसलेला कोणीतरी एक जण. निर्णय समितीने घ्यायचा असेल तरी ‘समिती’ लिहू नका. समिती ठरलेल्या दिवशीच भेटते आणि विषयपत्रिकेवर असेल तेवढंच बोलते. म्हणून हा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर कोण घालणार, त्याचं नाव लिहा आणि विषयपत्रिका कधी बंद होते ती तारीख लिहा. बैठक महिन्यातून एकदाच असेल आणि विषयपत्रिका आठ दिवस आधी निघत असेल, तर तुमची खरी मुदत बैठकीचा दिवस नसून त्याआधीचा आठवा दिवस असतो. हे न कळल्यामुळे पुरा एक महिना गेलेला मी पाहिला आहे.

दुसऱ्या रकान्यातलं वाक्य प्रश्नचिन्हाने संपलं पाहिजे. हा नियम बाळबोध वाटेल, पण तो फार उपयोगी आहे. ‘हिशेबाबद्दल’, ‘मुखपृष्ठाचं’, ‘बजेट’ हे नुसते विषय झाले. विषयावर चर्चा होते, उत्तर मिळत नाही. ओळीला प्रश्नचिन्ह देता येत नसेल, तर नेमकं काय विचारायचंय हे तुम्हालाच अजून ठरवता आलेलं नाही, असं समजा.

‘विचारलं’ या रकान्यात तारखेसोबत कुठे विचारलं तेही लिहा: मेल, फोन, निरोप, बैठकीत तोंडी. दोन आठवड्यांनी कोणी ‘मला कधी विचारलंत?’ म्हटलं की शोधाशोध करावी लागत नाही. तोंडी विचारलं असेल तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकून ठेवावा, म्हणजे समोरच्याच्याही डोळ्यांसमोर ते राहतं.

शेवटची तारीख मागून मोजत यायची

सातही रकान्यांत लोक सर्वांत निष्काळजीपणे हाच भरतात. ‘लवकरात लवकर’ असं लिहितात, किंवा मनाला येईल तो शुक्रवार टाकतात. समोरचा माणूस अशी तारीख लगेच ओळखतो. ती टळली तरी काही बिघडत नाही हे त्याला एकदा कळलं, की तुमच्या पुढच्या सगळ्या तारखा त्याच्या लेखी पोकळ ठरतात.

खरी तारीख शेवटाकडून मोजत येते. अहवालाच्या प्रती शुक्रवारी २६ तारखेला सकाळी हातात हव्या होत्या. छापखान्याने कामाचे सात दिवस मागितले होते. शनिवार-रविवार सोडले तर ते १७ ते २५ होतात, म्हणजे छपाईची फाईल १६ तारखेला संध्याकाळी द्यायलाच हवी. त्याआधी अखेरचं वाचन दोन दिवस, १५ आणि १६. हिशेबाची पानं लावायला दोन दिवस, ११ आणि १२. मधे शनिवार-रविवार. म्हणजे मॅडमचं उत्तर १० तारखेच्या संध्याकाळपर्यंत यायला हवं. त्यानंतर आलेलं उत्तर कितीही चांगलं असलं, तरी त्याचा उपयोग नाही.

या हिशोबाने आणखी एक गोष्ट हाती लागते: प्रश्न कधी विचारायला हवा ते. उत्तर १० तारखेला हवंय आणि समोरच्याला विचार करायला आठवडा लागतो, तर ९ तारखेला विचारून त्याच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. त्या वेळी अडवणूक आपणच केलेली असते.

काही जण युक्ती म्हणून समोरच्याला दोन दिवस आधीची तारीख सांगतात आणि तीच शेवटची असल्याचं भासवतात. मला हे पटत नाही. एकदा पकडले गेलात की संपलं. त्यापेक्षा दोन्ही तारखा उघड सांगाव्यात: अमुक दिवशी कळलं तर सोयीचं, तमुक दिवसानंतर मात्र शक्य नाही, आणि का शक्य नाही तेही. कारण सांगितलं की तारखेला वजन येतं.

विचारायचं कसं

ज्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं, त्याचं उत्तर लवकर येतं. ‘हिशेबाच्या पानांबाबत आपलं मार्गदर्शन हवं आहे’ असा मेल वाचून समोरचा माणूस तो ‘निवांत वाचू’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि कामाच्या ठिकाणी निवांतपणा कधी येत नाही. मी जो मेल पाठवला तो असा होता:

‘‘नमस्कार मॅडम, अहवालात हिशेब पूर्ण (२० पानं) घ्यायचे की संक्षिप्त (४ पानं), हे ठरायचं आहे. मला संक्षिप्त घ्यावेत असं वाटतं, कारण पूर्ण घेतले तर एकूण पानं ६४ ची ८० होतात आणि छपाईचा सोळा पानांचा एक फॉर्म वाढतो. सोमवारी ८ तारखेपर्यंत कळवलंत तर सोयीचं होईल. बुधवारी १० तारखेच्या संध्याकाळनंतर मात्र ही पानं लावून वेळेत छपाईला देता येणार नाहीत. ‘पूर्ण’ किंवा ‘संक्षिप्त’ एवढा एक शब्द पुरेल.’’

यात पर्याय आहेत, माझं मत आहे, त्यामागचं कारण आहे, तारीख आहे आणि उत्तर कसं द्यायचं तेही आहे. मत द्यायला नवीन माणसं बिचकतात, ‘आपण कोण सांगणारे’ असं त्यांना वाटतं. पण कोऱ्या कागदावर निर्णय घेण्यापेक्षा समोर आलेल्या मताला हो किंवा नाही म्हणणं कोणालाही सोपं जातं. मत चुकीचं असलं तरी चालतं. उलट अशा वेळी उत्तर जास्त झटपट येतं.

एका मेलमध्ये एकच निर्णय विचारा. तीन प्रश्न एकत्र घातले की सोप्या प्रश्नाचं उत्तर येतं, अवघड दोन तसेच राहतात, आणि ‘उत्तर आलंय’ असं वाटून आपणही ओळ खोडून टाकतो.

तोवर काय करायचं

या रकान्यासाठीच तर सगळी यादी. बाकीचे रकाने पाठपुराव्याचे आहेत, हा आपल्या कामाचा आहे. निर्णय अडला म्हणून सगळं काम अडलं असं वाटतं खरं, पण नीट पाहिलं तर निर्णयावर अवलंबून असलेला तुकडा बहुतेक वेळा लहान असतो. तो बाकीच्या कामापासून सोडवून घेता आला पाहिजे.

अहवालाचंच पाहा. छापखान्यात पानं सोळा-सोळाच्या फॉर्ममध्ये जातात. बाकीचा मजकूर ६० पानांचा होता. संक्षिप्त हिशेबाची ४ पानं धरली तर ६४, म्हणजे बरोबर चार फॉर्म. पूर्ण हिशेबाची २० धरली तर ८०, म्हणजे पाच. मूळ आराखड्यात हिशेब मधेच, तेराव्या पानापासून होते. ते तसेच ठेवले असते तर त्यांच्या पुढच्या प्रत्येक पानाचा क्रमांक त्या एका निर्णयावर टांगलेला राहिला असता, अनुक्रमणिकेसकट. आम्ही हिशेब उचलून शेवटी नेले. त्या क्षणी ६० पानं मोकळी झाली. ती लावली, तपासली, क्रमांक घातले, अनुक्रमणिका पक्की केली. एकूण किती पानं होणार ते कोणाला माहीत नसताना हे सगळं झालं.

मुखपृष्ठाचंही तसंच. ‘पानं ठरल्याशिवाय मुखपृष्ठ करता येत नाही,’ असं आमचा मांडणी करणारा सहकारी म्हणत होता. अर्धं खरं होतं. पानं वाढली की पुस्तकाचा कणा रुंद होतो. आमच्या कागदाला ६४ पानांचा कणा तीन मिलिमीटरच्या थोडा वर जात होता आणि ८० पानांचा चारच्या आसपास. हा फरक मुखपृष्ठावर दिसतो, कण्यावरची अक्षरं सरकून दर्शनी बाजूवर येतात. पण अडत होता तो फक्त कणा. पुढची बाजू, मागची बाजू, चित्र, रंग, अक्षरं हे सगळं आधीच करून मंजूरही करून घेता येत होतं. शेवटी कण्याची रुंदी बदलायला त्याला दहा मिनिटं लागली.

म्हणून या रकान्यात ‘वाट पाहणे’ असं लिहायला बंदी समजा. तीनपैकी एक तरी सापडतंच. एक, अनिश्चित भाग शेवटी किंवा बाजूला सरकवता येतो. दोन, दोन्ही शक्यतांमध्ये सारखं असलेलं काम आधी उरकता येतं. तीन, एक शक्यता गृहीत धरून पुढे जाता येतं, पण बदल करावा लागला तर किती वेळ जाईल हे आधी मोजून. अर्धा दिवस वाया जाणार असेल तर मी बेधडक पुढे जाते. चार दिवस जाणार असतील तर नाही.

गृहीत धरून पुढे गेलात तर कामात तशी खूण ठेवायला विसरू नका. मी फाईलमध्ये त्या जागी ‘ठरायचंय’ हा शब्द लिहून ठेवते. पुढे शोधून पाहिलं की अशा सगळ्या जागा सापडतात. नुसतं पिवळं करून ठेवलेलं छपाईत पिवळंच गेल्याची एक जुनी कहाणी माझ्याकडे आहे, ती नंतर कधीतरी.

पाठपुरावा

यादी आठवड्यातून दोनदा पाहावी: सोमवारी सकाळी आणि गुरुवारी दुपारी. शुक्रवारी पाहिली तर ज्याला विचारायचं तो माणूस निघालेला असतो आणि आपण शनिवार-रविवार चुटपुटत राहतो. गुरुवारी पाहिली की हातात एक पूर्ण दिवस उरतो. दहा मिनिटं पुरतात, कारण या वेळी काम करायचं नसतं. फक्त आज कोणाला विचारायचं ते पाहायचं आणि त्या ओळी आपल्या कामांच्या यादीत उतरवायच्या.

तक्ता वापरत असाल तर किती दिवस झाले ते त्यालाच मोजू द्या. ‘विचारलं’ची तारीख C या रकान्यात असेल तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहा:

```
=TODAY()-C2
```

उत्तर म्हणून तारीख दिसली तर त्या रकान्याचं स्वरूप ‘आकडा’ असं करून घ्या. पण किती दिवस झाले यावरून घाबरून जाऊ नका. वीस दिवस झालेली पण पुढच्या महिन्यात लागणारी ओळ शांतपणे बसू शकते, आणि दोन दिवसांपूर्वीची ओळ उद्याच पेटणारी असू शकते. क्रम लावायचा तो शेवटच्या तारखेने.

आठवण करताना ‘त्या मेलचं काय झालं?’ असं विचारू नका. समोरच्याला तो मेल शोधावा लागतो, आणि शोधायचंय म्हणून तो उत्तरच देत नाही. प्रश्न पूर्ण पुन्हा लिहा, जुना मेल त्याखाली राहू द्या. आणि ‘बघू’, ‘सांगतो’, ‘बोलतो त्यांच्याशी’ या गोष्टी उत्तरं नाहीत. त्यांच्या पुढे एकच प्रश्न हळूच विचारायचा: ‘‘मग मी गुरुवारी फोन करू का?’’ ‘हो’ म्हणाले की तुम्हाला पुढची तारीख मिळाली आणि त्यांनाही तुमचा फोन अनपेक्षित वाटणार नाही.

एका माणसाकडे चार-पाच ओळी साचल्या असतील तर मेलवर मेल टाकू नका. यादी माणसानुसार लावा, त्यांची पंधरा मिनिटं मागून घ्या आणि सगळे प्रश्न एका बैठकीत संपवा. त्रासलेला माणूस पाच मेलना एकही उत्तर देत नाही, पण समोर बसून पाचही देतो.

दोनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तिसऱ्यांदा तेच तसंच विचारू नका. काहीतरी वेगळं बिघडलेलं असतं. प्रश्न त्यांना फार मोठा वाटत असेल, किंवा तो निर्णय त्यांचा नसेल, किंवा तेही कोणासाठी तरी थांबले असतील. हे थेट विचारता येतं: ‘‘हे ठरवायला तुम्हाला कशाची अडचण आहे? मला काही मिळवून देता येईल का?’’

आमच्या अहवालात ही वेळ पहिल्या फोनलाच आली. ५ तारखेला मॅडम म्हणाल्या, ‘‘संचालकांच्या कानावर घातलंय, ते सांगतील.’’ मी ओळ खोडली नाही, तिच्याखाली नवी ओळ लिहिली: ‘कोणाकडे: संचालक. काय ठरायचंय: हिशेब किती घ्यायचे, हा निर्णय कोणाचा?’ सोमवारी ८ तारखेला संचालकांना दारातच गाठलं. ते म्हणाले, ‘‘हिशेबाचं त्याच ठरवतील की. मला सहज बोलल्या होत्या, मला वाटलं ठरलंय.’’ परत मॅडमकडे गेले. ‘‘असं म्हणाले? मग संक्षिप्तच घ्या, पूर्ण हिशेब वेगळ्या पुस्तिकेत देऊ.’’ एवढंच. निर्णय घ्यायला अर्धं मिनिट लागलं. तो कोणाचा आहे हे कळायला सहा दिवस गेले होते. शेवटच्या तारखेला दोन दिवस शिल्लक होते ते केवळ ५ तारखेचा फोन ठरलेला होता म्हणून.

‘कळवलं नाहीत तर मी असं करेन’

सातव्या रकान्यातला हा सर्वांत धारदार उपाय, म्हणून जपून वापरायचा. ‘गुरुवारपर्यंत काही कळलं नाही तर मी दुसरं छायाचित्र घेऊन पुढे जाते’ असं लिहिलं की समोरच्याने काहीच केलं नाही तरी काम चालू राहतं. मात्र हे तिथेच चालतं जिथे निर्णय तुमच्या अधिकारात बसतो आणि नंतर फिरवता येतो. आतल्या पानावरचं छायाचित्र, मसुद्यातला क्रम, बैठकीची वेळ, इथे ठीक. जिथे पैसे खर्च होणार, सही लागणार, बाहेरच्या कोणाला शब्द दिला जाणार किंवा कोणाच्या नावाने काही छापलं जाणार, तिथे गप्प राहण्याला होकार मानू नका. किती प्रती छापायच्या, ३०० की ५००, हा प्रश्न त्याच अहवालात संचालकांकडे होता. तिथे मी असं काही लिहिलं नाही. त्या ओळीत सातव्या रकान्यात ‘समक्ष भेटून विचारणे’ एवढंच होतं.

आणखी एक मर्यादा. समोरचा माणूस रजेवर असेल आणि त्याने तुमचा मेल पाहिलाच नसेल, तर त्याच्या गप्प राहण्याला काहीच अर्थ नाही. असं वाक्य लिहिलं असेल तर मुदतीच्या दिवशी एक फोन करावाच.

उत्तर आल्यावर

इथे घाई होते. उत्तर आलं की हायसं वाटतं, ओळ खोडली जाते आणि त्या निर्णयामुळे आता जे करायचं होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून खोडण्याआधी पुढचं काम आपल्या यादीत उतरवा. आमच्या ओळीतून तीन कामं निघाली: हिशेबाची चार पानं लावणं, कण्याची रुंदी टाकणं, छापखान्याला ६४ पानं असल्याचं कळवणं. त्या वेगळ्या पुस्तिकेचं मात्र कोणीच कुठे लिहिलं नाही, मीसुद्धा नाही. ती दोन महिन्यांनी आठवली.

निर्णय तोंडी मिळाला असेल तर लगेच एक ओळ पाठवा: ‘‘आज बोलल्याप्रमाणे अहवालात संक्षिप्त हिशेब घेत आहे.’’ गैरसमज झाला असेल तर तो त्याच दिवशी कळतो, छापून झाल्यावर नाही. संपलेल्या ओळी पुसू नका, तक्त्याच्या दुसऱ्या पानावर हलवा, निर्णय आणि तारीख लिहून. सहा महिन्यांनी ‘हे असं का केलं?’ असं कोणीतरी विचारतंच.

काही ओळींना उत्तर कधीच येत नाही. शेवटची तारीख निघून जाते, काम दुसऱ्या वाटेने होऊन जातं, तरी ओळ तशीच असते. अशा दहा ओळी साठल्या की यादी उघडायचीच नकोशी होते. त्या निमूटपणे काढू नका, कारण समोरच्याला महिनाभराने अचानक आठवण होऊन तो कामाला लागू शकतो. त्याला एक ओळ कळवा: ‘‘या विषयाची आता गरज उरलेली नाही, माझ्याकडून बंद करते आहे.’’ मी महिन्यातून एकदा अशा दोन-तीन ओळी पाठवते. गंमत म्हणजे त्यातल्या एखादीला दहा मिनिटांत उत्तर येतं, ‘‘थांबा, थांबा, आजच सांगतो.’’ मग तारीख बदलून ती ओळ पुन्हा वर घ्यायची.